निवडणूक प्रशिक्षणाचे दिवस: रजा मागायची की कार्यमुक्ती?

प्रश्न: मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तालुक्याच्या शाखेत लिपिक आहे. विधानसभा निवडणुकीसाठी मतदान अधिकारी म्हणून माझ्या नावाचा आदेश आलाय. प्रशिक्षण दोनदा आहे. मॅनेजर म्हणतात, "मतदानाच्या दिवशी खुशाल जा, पण ट्रेनिंगसाठी किरकोळ रजा टाका, शाखेत माणसं नाहीत." त्यांना लेखी कसं कळवू आणि कोणती रजा मागू?

उत्तर:

रजा मागूच नका. तुमच्या अर्जात 'रजा' हा शब्द आला की मॅनेजरच्या हातात मंजूर करणं किंवा नाकारणं हे दोन पर्याय जातात, आणि या बाबतीत ते त्यांच्याकडे नाहीत. तुम्ही नेमणूक झाल्याचं कळवायचं आणि त्या-त्या दिवसांसाठी कार्यमुक्त करून ते दिवस कर्तव्यकाळ म्हणून नोंदवण्याची विनंती करायची.

यामागचा कायदा थोडक्यात असा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 26 प्रमाणे जिल्हा निवडणूक अधिकारी मतदान केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी नेमतात. जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी. कलम 159 प्रमाणे स्थानिक संस्था, विद्यापीठं, सरकारी कंपन्या, कायद्याने स्थापन झालेल्या संस्था आणि सरकारच्या नियंत्रणाखालच्या किंवा मुख्यतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था यांनी मागणी आल्यावर कर्मचारी उपलब्ध करून द्यायचे असतात. या कलमाची कक्षा 1998 च्या दुरुस्तीने रुंदावली. त्याआधी बँकांचे कर्मचारी घेता येतात की नाही यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता. आजही एखादे जुने मॅनेजर 'बँकवाल्यांना सक्ती नाही' असं ठामपणे सांगतात, ते बहुधा त्या काळच्या आठवणीवरून. राष्ट्रीयीकृत बँक आज या कलमात येते.

तिसरं कलम 28ए. त्यानुसार नेमलेले मतदान अधिकारी निवडणुकीच्या अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं जातं आणि त्या काळात आयोगाच्या नियंत्रणाखाली आणि शिस्तीखाली असतात. याचा अर्थ महिनाभर शाखेत जायचं नाही असा मात्र घेऊ नका. आदेशात ज्या दिवशी बोलावलंय ते दिवस सोडून बाकी सगळे दिवस तुम्ही नेहमीप्रमाणे काउंटरवर. काही जण हे कलम दाखवून आधीपासूनच गायब होतात आणि मग प्रशिक्षणाच्या खऱ्या दिवसांबद्दलही शाखेत संशयाने पाहिलं जातं.

मॅनेजरना शांतपणे सांगावं असं कलम 134 आहे. निवडणुकीच्या कामात वाजवी कारणाशिवाय कर्तव्यात कसूर केली तर 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटते, पण गुन्हा दखलपात्र आहे. हे कलम लागू होतं ते नेमलेल्या माणसाला. मॅनेजरनी सोडलं नाही म्हणून तुम्ही प्रशिक्षण चुकवलं, तर कारणे दाखवा नोटीस तुमच्या नावाने येणार, त्यांच्या नाही. म्हणून त्यांचा तोंडी नकार तुमच्या कामाचा नाही. 'साहेब नको म्हणाले' हे उत्तर निवडणूक कार्यालयात कुणी ऐकून घेत नाही. लेखी नकार असेल तर गोष्ट वेगळी, पण असा नकार कुठलाही शहाणा मॅनेजर देत नाही.

प्रशिक्षण का टाळता येत नाही

मॅनेजरांचा गैरसमज साधारण असा असतो की प्रशिक्षण म्हणजे सभागृहात बसून भाषण ऐकणं आणि खरं काम मतदानाच्या दिवशी. प्रत्यक्षात मतदान यंत्र जोडणं, अभिरूप मतदान घेणं, सील करणं आणि नमुने भरणं हे सगळं हाताने करून घेतलं जातं ते तिथेच. शिवाय तुमचं स्वतःचं मतदान बहुतेकदा प्रशिक्षणाशी बांधलेलं असतं. मतदान अधिकारी सहसा स्वतःच्या, राहण्याच्या किंवा नोकरीच्या विधानसभा मतदारसंघात नेमले जात नाहीत, त्यामुळे मतदानाच्या दिवशी तुमचं नाव असलेल्या केंद्रावर तुम्ही नसणार. टपाली मतपत्रिकेसाठी नमुना 12 चा अर्ज साधारणपणे प्रशिक्षणातच घेतला जातो आणि सुविधा केंद्रावरचं मतदानही त्याच सुमारास ठेवलेलं असतं. प्रशिक्षण चुकलं तर ओघाने हेही चुकायची शक्यता असते.

नेमणुका टप्प्याटप्प्याने होतात, हेही मॅनेजरना सांगावं लागतं. संगणकावर तीनदा सरमिसळ होते. पहिल्या सरमिसळीत कोणाला प्रशिक्षणाला बोलवायचं आणि त्याचं पद काय हे ठरतं. दुसऱ्या वेळी पथकं बनतात आणि मतदारसंघ कळतो. प्रत्यक्ष मतदान केंद्र कोणतं हे तिसऱ्या वेळी, म्हणजे निघण्याच्या अगदी तोंडावर ठरतं. त्यामुळे 'सगळ्या तारखा आणि जागा एकदाच लिहून द्या' ही मॅनेजरची मागणी तुम्ही पहिल्या पत्रात पुरी करूच शकत नाही. पत्र दोनदा द्यायची तयारी ठेवा. पहिलं पत्र आलेल्या आदेशाबद्दल, दुसरं मतदारसंघाचा आदेश हाती पडल्यावर.

तुमच्या आदेशावर आधी काय बघायचं

पत्र लिहिण्याआधी आदेश नीट वाचा. आदेश कोणाच्या सहीचा आहे, त्यावर जावक क्रमांक आणि दिनांक आहे का, तुमचं नाव, पद आणि कार्यालय बरोबर आहे का, प्रशिक्षणाची जागा व वेळ काय, हे तपासा. नावात किंवा पदात चूक असली तरी आदेश रद्दबातल ठरत नाही. तुम्ही प्रशिक्षणाला जाऊन तिथे दुरुस्ती सांगायची. आदेश जुन्या शाखेच्या पत्त्यावर आला असेल, म्हणजे दरम्यान तुमची बदली झाली असेल, तर बदली आदेशाची प्रत जोडून जिल्हाधिकारी कार्यालयातल्या मनुष्यबळ व्यवस्थापन कक्षाला कळवा आणि सुधारित आदेश येईपर्यंत जुन्या आदेशाप्रमाणे हजर राहा. ही चूक सर्रास होते, कारण यादी बँकेनेच काही महिन्यांपूर्वी पाठवलेली असते.

हा मुद्दा मॅनेजरशी बोलताना फार उपयोगी पडतो. तुमचं नाव जिल्हाधिकाऱ्यांना आकाशातून सापडलेलं नाही. निवडणुकीआधी प्रत्येक कार्यालयाकडून कर्मचाऱ्यांची नावं, पदं, वेतनश्रेणी, मतदार यादीतला तपशील अशी माहिती मागवली जाते आणि ती बँकेच्या विभागीय किंवा शाखा कार्यालयातूनच जाते. 'कोणाला विचारून नेमलं' या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच फाइलमध्ये असतं.

आदेश बहुधा दोन प्रतींत असतो किंवा त्यासोबत पोच देण्याची जागा असते. पोच सही करून परत जायला हवी. शाखेत आदेश आला आणि तो टेबलाच्या खणात पडून राहिला तर तो कर्मचाऱ्याला बजावण्याची जबाबदारी कार्यालयप्रमुखाची असते. तुमच्या बाबतीत आदेश हाती आहे, म्हणजे तो प्रश्न मिटला.

आदेशाच्या माथ्यावर 'भारत निवडणूक आयोग' आहे की 'राज्य निवडणूक आयोग', हेही बघा. विधानसभा आणि लोकसभा पहिल्याकडे. महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत दुसऱ्याकडे. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाला कर्मचारी देण्याची तरतूद घटनेच्या अनुच्छेद 243के मध्ये आहे आणि त्या निवडणुकांचे कायदे वेगळे आहेत. तिथे वर दिलेली 1951 च्या अधिनियमाची कलमं पत्रात उतरवली तर बँकेचा विधी विभाग ती चटकन खोडून काढेल. तुमचा आदेश विधानसभेचा आहे, म्हणून ती तुम्हाला लागू आहेत.

तारखा मांडून बघू

समजा आदेश सोमवारी, 21 तारखेला मिळाला. पहिलं प्रशिक्षण शुक्रवारी 25 ला, दुसरं पुढच्या महिन्यात शनिवारी 9 ला, आणि मतदान बुधवारी 20 ला.

शुक्रवार 25 हा बँकेचा कामाचा दिवस आहे. इथे कार्यमुक्ती हवी.

शनिवार 9 हा दुसरा शनिवार, बँक बंद. इथे रजेचा प्रश्नच नाही, पण तरीही पत्रात हा दिवस लिहा. सुट्टीच्या दिवशी निवडणुकीच्या कामावर गेल्याबद्दल भरपाई सुट्टी मिळते की नाही हे निवडणूक कायदा सांगत नाही. ते बँकेचे सेवानियम आणि त्या वेळचं परिपत्रक ठरवतं. लेखी नोंद नसेल तर विचारायला जागाच उरत नाही.

आता मतदानाचा दिवस. मॅनेजर म्हणतात त्या दिवशी खुशाल जा, पण ही उदारता फुकटची आहे. त्या दिवशी मतदारसंघात परक्राम्य संलेख अधिनियमाखाली सार्वजनिक सुट्टी जाहीर होते आणि शाखा बंदच असते. त्यांना ज्या दिवसाचा हिशोब करायला हवा तो आहे मंगळवार 19. त्या दिवशी सकाळी साहित्य वाटपाच्या ठिकाणी हजर व्हायचं, यंत्रं आणि साहित्य मोजून ताब्यात घ्यायचं, आणि पथकासह केंद्रावर जाऊन रात्री तिथेच मुक्काम. मतदान सकाळी 7 ला सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला. संध्याकाळी मतदान संपल्यावर यंत्रं सील करून जमा करायची. रांग लांब असेल किंवा केंद्र दूरचं असेल तर सुटका मध्यरात्रीनंतर होते, आणि मतदारसंघ तुमचा नसल्यामुळे घरी पोचायला आणखी वेळ.

म्हणून गुरुवार 21 हा वादाचा दिवस होतो. उशिरा सुटलेल्यांना दुसऱ्या दिवशी सूट द्यावी असा आदेश जिल्हा निवडणूक अधिकारी काढतात तेव्हा तो दिवसही सुटतो. तसा आदेश असेल तर त्याची प्रत घ्या, नसेल तर गृहीत धरू नका. तेव्हा साहित्य जमा केल्याची वेळ दाखवणारा कार्यमुक्ती दाखला मागून घ्या आणि तो मॅनेजरना दाखवून दुपारनंतर येण्याची परवानगी मागा. पहाटे चारला सुटलेल्या माणसाने दहाला रोकड मोजू नये, हे मॅनेजरनाही पटतं. तुमच्या सहीने त्या दिवशी तूट आली तर ती त्यांच्याही डोक्यावर येते.

म्हणजे बँकेच्या दृष्टीने हिशोब असा: प्रशिक्षणाचा एक कामाचा दिवस, साहित्य वाटपाचा एक, आणि मतदानानंतरचा कदाचित अर्धा किंवा पूर्ण. ही गोष्ट मॅनेजरना आकड्यात सांगितली की 'माणसं नाहीत' हा मुद्दा बराच मऊ होतो, कारण त्यांच्या डोक्यात चार-पाच दिवस असतात.

तुमचं नाव राखीव यादीत आलं तरी मंगळवार शाखेसाठी धरू नका. राखीव कर्मचाऱ्यांनाही साहित्य वाटपाला हजर राहावं लागतं. कोणी गैरहजर निघालं की तुम्हाला पाठवलं जातं, नाही तर उशिरा सोडलं जातं.

पत्र

आदेश मिळाल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी द्या. प्रशिक्षणाच्या आदल्या संध्याकाळी दिलेलं पत्र कायद्याने चालतं, पण शाखेतलं वातावरण बिघडवतं, कारण मॅनेजरना बदली माणूस मागायला वेळच मिळत नाही. मसुदा असा:

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> (बँक व शाखेचं नाव)
>
> विषय: विधानसभा निवडणुकीसाठी मतदान अधिकारी म्हणून नेमणूक झाल्याबाबत व प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करण्याबाबत.
>
> संदर्भ: जिल्हा निवडणूक अधिकारी यांचा आदेश क्र. ...., दि. ....
>
> महोदय,
>
> संदर्भीय आदेशान्वये माझी मतदान अधिकारी क्र. ... म्हणून नेमणूक झाली असून सदर आदेश मला दि. .... रोजी प्राप्त झाला आहे. आदेशानुसार पहिले प्रशिक्षण दि. .... रोजी ... वाजता ........ येथे आणि दुसरे प्रशिक्षण दि. .... रोजी ........ येथे आहे. दोन्ही प्रशिक्षणांस उपस्थिती बंधनकारक आहे. मतदान दि. .... रोजी असल्याने त्याच्या आदल्या दिवशीही साहित्य ताब्यात घेण्यासाठी उपस्थित राहावे लागेल. त्याबाबतचा पुढील आदेश प्राप्त होताच सादर करीन.
>
> लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 159 व 28ए नुसार हे कर्तव्य बंधनकारक असल्याने मला वरील दिवशी कार्यमुक्त करावे व सदर दिवस कोणत्याही रजेत न धरता कर्तव्यकाळ म्हणून हजेरीत नोंदवावेत, ही विनंती. प्रशिक्षणाचा उपस्थिती दाखला परत आल्यावर सादर करीन.
>
> माझ्याकडील तिजोरीच्या चावीचा व रोकड कामाचा ताबा आदल्या दिवशी कामकाज संपताना आपण नेमाल त्या कर्मचाऱ्याकडे देण्यास मी तयार आहे.
>
> सोबत: नेमणूक आदेशाची प्रत.
>
> आपला/आपली विश्वासू,
> (नाव, पद, कर्मचारी क्रमांक)

या मसुद्यातलं शेवटून दुसरं वाक्य, ताब्याबद्दलचं, काढू नका. छोट्या शाखेत मॅनेजर अडून बसतात ते बऱ्याचदा चावीवरून. तिजोरी दोघांच्या संयुक्त ताब्यात असते, आणि दुसरी चावी तुमच्याकडे असेल तर तुमच्याशिवाय सकाळी रोकड उघडतच नाही. चावीचा ताबा रजिस्टरमध्ये नोंद करून, दोघांच्या सह्यांनी, आदल्या संध्याकाळीच द्या. सकाळी प्रशिक्षणाला जाताना वाटेत शाखेत टेकून चावी देतो असं ठरवलं की उशीर झालाच म्हणून समजा. तुमचा संगणक प्रणालीतला युजर आयडी आणि पासवर्ड मात्र कोणालाही देऊन जाऊ नका. बदली कर्मचाऱ्याने स्वतःच्याच आयडीने काम करायचं, तसे अधिकार मॅनेजर देऊ शकतात.

पत्राची एक प्रत शिक्का, आवक क्रमांक आणि दिनांकासह पोच म्हणून परत घ्या. मॅनेजर पत्र घ्यायलाच तयार नसतील तर वाद न घालता तेच पत्र आदेशाच्या स्कॅनसह शाखेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि प्रत विभागीय कार्यालयाच्या मनुष्यबळ विभागाला द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'ओके' पुढे कधी कामाला येत नाही.

एचआरएमएसमध्ये नोंद

खरा घोळ इथे होतो. तुम्ही रजा मागितली नाही, मॅनेजरनीही मान्य केलं, पण हजेरी यंत्रात तुमची नोंद नसते आणि प्रणाली तो दिवस गैरहजर धरते. मग महिनाअखेरीस कोणीतरी तो 'नियमित' करायला किरकोळ रजा टाकून देतं किंवा तो बिनपगारी होतो. म्हणून प्रशिक्षणाला जायच्या आधीच प्रणालीत 'कार्यालयीन कामासाठी बाहेर' किंवा 'ऑन ड्युटी' अशा प्रकारची नोंद करून कारणाच्या रकान्यात आदेश क्रमांक लिहा आणि मॅनेजरकडून ती मंजूर करून घ्या.

काही प्रणालींत असा पर्यायच नसतो, फक्त 'विशेष रजा' असते. ती वापरायला हरकत नाही, पण आधी दोन गोष्टी खात्री करून घ्या. ती तुमच्या कोणत्याही शिल्लक रजेतून वजा होत नाही, आणि त्या दिवसाचा पूर्ण पगार मिळतो. शंका असेल तर विभागीय कार्यालयाला ईमेलने विचारा, उत्तर जपून ठेवा.

प्रशिक्षणाच्या ठिकाणी हजेरीपत्रकावर सही केल्याशिवाय निघू नका. हजेरी बऱ्याचदा दोनदा घेतात, सकाळी आणि जेवणानंतर. सकाळची सही करून बँकेत परत गेलेले लोक दुसऱ्या सहीला सापडत नाहीत आणि त्यांची नावं गैरहजरांच्या यादीत जातात. उपस्थिती दाखला छापील मिळत नसेल तर शाखेसाठी एका ओळीचा दाखला मागा, किंवा आदेशाच्या पाठीमागे प्रशिक्षण कक्षाची सही आणि शिक्का घ्या. हा कागद दुसऱ्या दिवशी मॅनेजरना द्या आणि त्याचीही पोच ठेवा.

तरीही मॅनेजर अडले तर

तीन प्रकारची अडवणूक होते. पहिली, 'मी तहसीलमध्ये फोन करून तुमचं नाव काढून टाकतो.' तोंडी काढलेलं नाव काढलेलं नसतं. नेमणूक रद्द झाल्याचा लेखी आदेश हातात येईपर्यंत तुमचा आदेश चालूच आहे. शाखेला खरीच अडचण असेल, उदाहरणार्थ चार जणांच्या शाखेत तिघांना आदेश आला असेल, तर बँकेने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी विनंती करावी. ती ऐकली जाऊ शकते, विशेषतः शाखा बंदच पडेल अशी वेळ असेल तर. पण ती बँकेने करायची, आणि पहिल्या प्रशिक्षणाच्या आत.

दुसरी, 'तुमची आधीच मंजूर रजा आहे, तुम्ही कशाला जाता?' मंजूर अर्जित रजा किंवा काढलेलं तिकीट आदेश रद्द करत नाही. अशा वेळी रजा पुढे ढकलण्याचा अर्ज द्यावा लागतो. आजारपणाचं कारण असेल तर सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रासह निवडणूक कार्यालयाकडेच जावं लागतं, बँकेकडे नाही.

तिसरी म्हणजे थेट नकार. अशा वेळी आदल्या दिवशी ईमेल करा: 'दि. .... च्या पत्रानुसार मी उद्या आदेशित प्रशिक्षणास उपस्थित राहत आहे. यास आपली हरकत असल्यास कृपया लेखी कळवावी, म्हणजे ती जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांसमोर ठेवता येईल.' भाषा सौम्य आहे, पण तिचा अर्थ मॅनेजरना बरोबर कळतो. उत्तर आलं नाही तर प्रशिक्षणाला जा. लेखी हरकत आलीच तर ती त्याच दिवशी मनुष्यबळ व्यवस्थापन कक्षाच्या नोडल अधिकाऱ्यांना पाठवा आणि तरीही जा. हरकत सोडवणं त्यांचं काम आहे. त्या कक्षातून बँकेच्या विभागीय कार्यालयाला एक फोन गेला की बहुतेक प्रकरणं तिथेच संपतात. म्हणून मॅनेजरशी भांडण करण्यापेक्षा मी विभागीय मनुष्यबळ विभागाला आधीच प्रत देण्यावर जास्त भर देईन.

काही कारणाने प्रशिक्षण चुकलंच, तर नोटीस यायची वाट बघू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारण आणि पुरावा घेऊन स्वतः निवडणूक कार्यालयात जा आणि गैरहजर राहिलेल्यांसाठी पुन्हा प्रशिक्षण असेल त्यात नाव घाला. नोटीस आल्यावर दिलेला खुलासा आणि आधीच दिलेला खुलासा यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते.

पैशाबद्दल

निवडणुकीचं मानधन निवडणूक कार्यालयाकडून वेगळं येतं, त्यामुळे बँकेच्या पगारात त्या दिवसांची कपात होण्याचं कारण नाही. 'तिकडून पैसे मिळतात ना, मग इथला दिवस रजेत' असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. मात्र प्रवासखर्च किंवा भत्ता एकाच दिवसासाठी दोन्हीकडून मागू नका. साहित्य वाटपाच्या ठिकाणाहून केंद्रापर्यंत वाहन निवडणूक कार्यालय देतं, तेव्हा त्या टप्प्याचा दावा बँकेकडे करता येत नाही.

निवडणूक संपल्यावर पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात दोन आकडे बघा: किरकोळ रजेची शिल्लक आणि पगाराचे दिवस. किरकोळ रजा कमी झालेली दिसली तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या, आदेशाची प्रत, पोच आणि उपस्थिती दाखला जोडून. पगाराचा महिना बंद झाल्यावर शाखेला बदल करता येत नाही आणि विषय विभागीय कार्यालयात जातो. वर्ष संपून शिल्लक किरकोळ रजा बुडाली असेल तर परत मिळवायला आणखी त्रास. निवडणूक नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास असेल तर ही तपासणी 31 डिसेंबरच्या आत उरका.